एक लूप, दोन प्रश्न : १९४२ ची ट्यूनिंग-सूत्रे आणि ओव्हरशूटचे कोडे

१/ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात 'ऑप्टिमम सेटिंग्ज फॉर ऑटोमॅटिक कंट्रोलर्स' हा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते जॉन झिग्लर आणि नॅथॅनिएल निकोल्स. दोघेही न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीत कामाला होते. पीआयडी नियंत्रकाचे आकडे कसे ठरवावेत याची जी सूत्रे आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जातात, ती या निबंधातली. आणि 'सूत्राप्रमाणे आकडे भरले, तरी सेटपॉइंट बदलताच तापमान उसळून वर जाते' ही तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी आहे. सूत्रे चुकीची होती का? आजच्या धाग्यात या प्रश्नाचा मागोवा घेऊ.

२/ आधी त्या काळाची पार्श्वभूमी. टेलर कंपनीचा 'फुलस्कोप १००' हा हवेच्या दाबावर चालणारा नियंत्रक १९४० च्या सुमारास बाजारात आला. प्रमाण, समाकलन आणि विकलन या तिन्ही क्रिया एकाच पेटीत होत्या आणि तिन्हींचे आकडे गिऱ्हाइकाला हवे तसे फिरवता येत. उपकरण उत्तम होते. पण तीन खुंट्या नेमक्या कोठे ठेवायच्या, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. झिग्लर आणि निकोल्स यांना सोडवायची होती ती ही व्यावहारिक अडचण.

३/ या तीन क्रियांपैकी आजच्या गोष्टीचा नायक आहे समाकलन. केवळ प्रमाण-क्रिया असेल, तर व्हॉल्व्ह त्रुटीच्या प्रमाणात उघडतो. पण भार वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह कायमचा थोडा अधिक उघडा हवा असला, तर त्यासाठी थोडी त्रुटीही कायम उरावी लागते. पूर्वी कामगार हाताने खुंटी फिरवून ही उरलेली त्रुटी काढून टाकी. त्या कृतीला 'रिसेट' म्हणत. समाकलन-क्रिया म्हणजे हेच काम आपोआप करणारी यंत्रणा. म्हणूनच तिच्या आकड्याला आजही कारखान्यांत रिसेट टाइम म्हणतात.

४/ पुढील सारा हिशेब एकाच सूत्रावर उभा आहे, तेव्हा ते समोर ठेवू. u म्हणजे व्हॉल्व्हला जाणारा हुकूम, e म्हणजे त्रुटी (सेटपॉइंट वजा प्रत्यक्ष मोजमाप), K म्हणजे गेन आणि Ti म्हणजे रिसेट टाइम.

```
u = K·e + (K/Ti)·∫e dt
```

विकलनाची क्रिया येथे बाजूला ठेवली आहे. कोड्याचे मूळ तिच्यात नाही.

५/ सूत्रातील दुसऱ्या पदाकडे एखाद्या दुकानाच्या खातेवहीसारखे पाहावे. प्रत्येक क्षणाची त्रुटी तेथे जमा होते. मोजमाप सेटपॉइंटच्या खाली असेल, तर रक्कम वाढते. वर गेले, तर घटते. सारे स्थिरस्थावर झाल्यावर त्रुटी शून्य असते, म्हणजे पहिले पद नाहीसे होते. मग व्हॉल्व्हमध्ये जो काही कायमचा बदल हवा, तो संपूर्णपणे या वहीनेच पुरवावा लागतो. यातून एक पक्का निष्कर्ष निघतो : व्हॉल्व्हमध्ये Δu इतका कायमचा बदल हवा असेल, तर त्रुटीची एकूण बेरीज बरोबर Δu × Ti/K इतकीच व्हावी लागते. कमीही नाही, अधिकही नाही.

६/ आता एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, पण अशी प्रक्रिया कारखान्यात सहज भेटते. वाफेने तेल तापवणारा एक हीट एक्स्चेंजर आहे. व्हॉल्व्ह एक टक्का उघडला की तेलाचे तापमान अखेर एक अंशाने वाढते. ही वाढ सावकाश होते; तिचा कालांक T १०० सेकंदांचा. शिवाय व्हॉल्व्ह हलल्यानंतर पहिले १० सेकंद तापमापकाला काहीच कळत नाही. हा डेड टाइम, L. व्हॉल्व्ह सध्या २० टक्के उघडा आहे आणि तापमान ७० अंशांवर स्थिर आहे.

७/ या लूपला दोन प्रकारचे प्रसंग येतात. पहिला : तेलाचा प्रवाह वाढला आणि तापमान ७० वरच राखण्यासाठी आता १० टक्के अधिक वाफ लागणार आहे. हा भाराचा व्यत्यय. दुसरा : भार तोच आहे, पण आता ७० ऐवजी ८० अंश हवे आहेत. हा सेटपॉइंटमधील बदल. गंमत अशी की, दोन्ही प्रसंगी व्हॉल्व्हचा अखेरचा बदल सारखाच आहे : २० वरून ३० टक्के. म्हणजे दोन्ही प्रसंगी वहीत भरायची रक्कमही सारखीच. तरीही दोन्ही प्रसंगांत नियंत्रकाकडून हवे ते निराळे आहे.

८/ भाराच्या व्यत्ययात ही बेरीज म्हणजेच नुकसान. जितके अंश-सेकंद साचले, तितका काळ तितके तेल चुकीच्या तापमानाने पुढे गेले. म्हणून येथे Ti/K जितका लहान, तितके चांगले : गेन मोठा आणि रिसेट टाइम छोटा. झिग्लर-निकोल्स यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने हाच प्रसंग होता, आणि त्याला कारणही होते. सतत चालणाऱ्या प्रक्रियांमध्ये सेटपॉइंट दीर्घकाळ एकाच जागी असतो. बदलत राहतो तो भार. प्रतिसादातील प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या चतुर्थांश व्हावी, अशी कसोटी त्यांनी लावली आणि त्या मर्यादेत नियंत्रक शक्य तितका आक्रमक ठेवला.

९/ आपल्या एक्स्चेंजरला त्यांचे सूत्र लावले, तर प्रमाण-समाकलन नियंत्रकासाठी K = ९ (दर अंशाला ९ टक्के) आणि Ti = ३३ सेकंद येतो. १० टक्क्यांच्या भारासाठी त्रुटीची बेरीज १० × ३३/९, म्हणजे सुमारे ३७ अंश-सेकंद. भाराच्या दृष्टीने हे फारच उत्तम.

१०/ आता याच आकड्यांवर सेटपॉइंट ७० वरून ८० करून पाहा. बदल केल्याक्षणी त्रुटी १० अंशांची होते. पहिले १० सेकंद तापमान मुळीच हलत नाही, कारण तो डेड टाइम आहे. नियंत्रकाने काहीही केले तरी या काळात त्रुटी १० अंशच राहणार. म्हणजे तापमान हलण्यापूर्वीच वहीत १० × १० = १०० अंश-सेकंद जमा झाले. आणि अखेरची रक्कम तर ३७ च हवी आहे!

११/ जास्तीची रक्कम परत करण्याचा एकच मार्ग वहीपाशी आहे : ऋण त्रुटी. तापमान ८० च्या वर जावेच लागते आणि पुरेसा वेळ तेथे राहावे लागते. हा ओव्हरशूट ट्यूनिंगच्या अचूकतेवर अवलंबून नाही. ती हिशेबाची सक्ती आहे. खुंट्या कितीही हळुवार हाताने फिरवल्या, तरी Ti/K इतका लहान असेतो ही सक्ती टळत नाही. झिग्लर-निकोल्स यांची सूत्रे जो प्रश्न सोडवत होती तो भाराचा. सेटपॉइंटचा प्रश्न त्यांच्यापुढे नंतरच्या वापरकर्त्यांनी ठेवला.

१२/ हा फरक तक्त्यात स्वच्छ मांडण्याचे श्रेय चिएन, ह्रोन्स आणि रेस्विक या तिघांच्या १९५२ सालच्या निबंधाला जाते. त्यांनी एका तक्त्याऐवजी दोन दिले : एक भारासाठी, एक सेटपॉइंटसाठी. प्रत्येकात पुन्हा दोन रकाने होते : ओव्हरशूट अजिबात नको असेल तर एक, २० टक्के चालत असेल तर दुसरा. एकाच लूपची उत्तम ट्यूनिंग दोन असू शकते, हे येथे छापील स्वरूपात समोर आले.

१३/ हे तक्ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. केवळ प्रमाण-क्रियेच्या नियंत्रकासाठी दोन्ही तक्त्यांतील गेन सारखाच आहे. भांडण सुरू होते ते समाकलन आल्यावर. प्रमाण-समाकलन नियंत्रकात, ओव्हरशूट नको असताना, भारासाठीचा रिसेट टाइम आहे डेड टाइमच्या ४ पट, तर सेटपॉइंटसाठीचा आहे कालांकाच्या १.२ पट. केवळ आकडा बदललेला नाही. आकडा ज्या मापाने मोजायचा ते मापच बदलले आहे. एक L वरून ठरतो, दुसरा T वरून. ज्या प्रक्रियेत T हा L पेक्षा बराच मोठा असतो, तेथे दोन्ही उत्तरे एकमेकांपासून लांब जातात.

१४/ आपल्या एक्स्चेंजरसाठी भाराचा तक्ता K = ६, Ti = ४० सेकंद देतो. सेटपॉइंटचा तक्ता K = ३.५, Ti = १२० सेकंद. १० टक्क्यांच्या बदलासाठी वहीत भरायची रक्कम पहिल्यात सुमारे ६७ अंश-सेकंद, दुसऱ्यात सुमारे ३४३. डेड टाइममध्ये साचणाऱ्या १०० शी तुलना करा. ६७ ही रक्कम १०० हून कमी, म्हणून ओव्हरशूट अटळ. ३४३ मधून १०० गेले, तरी २४३ उरतात; तेवढ्यात तापमान सावकाश वर चढून ८० ला टेकू शकते.

१५/ दहा-दहा सेकंदांचे टप्पे घेऊन कागदावर हिशेब केला, तर चित्र असे दिसते. सेटपॉइंट १० अंशांनी वाढवला, तर भाराच्या आकड्यांवर तापमान सुमारे ४० सेकंदांत ८३.५ च्या आसपास पोहोचते आणि मग खाली येते. सेटपॉइंटच्या आकड्यांवर ते एका मिनिटात ७९ ओलांडते आणि ओव्हरशूटविना हळूहळू ८० ला मिळते. सेटपॉइंटच्या परीक्षेत दुसरी ट्यूनिंग निर्विवाद सरस.

१६/ आता तिलाच भाराच्या परीक्षेला बसवू. प्रवाह वाढला. भाराच्या आकड्यांवर तापमान सुमारे दीड अंशाने घसरते आणि एका मिनिटाच्या आसपास जवळजवळ पूर्ववत होते. सेटपॉइंटच्या आकड्यांवर ते सुमारे दोन अंशांनी घसरते. हा फरक फार मोठा नाही. पण दोन मिनिटे उलटून गेली तरी ते एक अंशाने खालीच रेंगाळलेले असते. खरे नुकसान घसरणीच्या खोलीत नसून या लांबलेल्या शेपटीत आहे. ३४३ आणि ६७ या बेरजांतील पाचपटीचा फरक तो हाच.

१७/ या शेपटीचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. Ti हा T च्या जवळपास ठेवला की नियंत्रक प्रक्रियेच्या संथपणाला नेमके छेद देतो, आणि सेटपॉइंटकडून येणाऱ्या वाटेवर तो संथपणा दिसेनासा होतो. पण भार त्या वाटेने येत नाही. तो थेट प्रक्रियेत शिरतो, आणि तेथे १०० सेकंदांचा मूळ संथपणा तसाच शिल्लक असतो. सेटपॉइंटच्या आलेखावर तो झाकला गेला होता एवढेच.

१८/ कारखान्यात यातून एक नेहमीची चूक घडते. लूप सुरू करताना तपासणी करायची तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे सेटपॉइंट थोडा हलवून आलेख पाहणे. आलेख उसळला की गेन कमी केला जातो, रिसेट टाइम वाढवला जातो. आलेख देखणा होतो, सही होते. त्यानंतर महिनोन्‌महिने सेटपॉइंट कोणी हलवत नाही. भार मात्र रोज बदलतो आणि प्रत्येक वेळी तापमान मिनिटेच्या मिनिटे एकाच बाजूला रेंगाळते. दोष मग कधी वाफेला, कधी तापमापकाला दिला जातो.

१९/ ओळखण्याची खूण सोपी आहे. भार बदलल्यानंतरचा आलेख पाहावा. त्रुटी झटकन कमी होऊन मग दीर्घकाळ एकाच बाजूला, सेटपॉइंटला न ओलांडता, रेंगाळत असेल, तर Ti/K गरजेपेक्षा मोठा आहे. मुद्दाम चाचणी घ्यायची, तर नियंत्रक क्षणभर मॅन्युअलवर घेऊन हुकूम काही टक्क्यांनी सरकवावा आणि लगेच ऑटोवर परत यावे. लूपच्या दृष्टीने व्हॉल्व्हच्या बाजूने भार आल्यासारखेच हे असते. सेटपॉइंट हलवणे आणि ही चाचणी, दोन्ही आलेख पाहिल्याशिवाय ट्यूनिंगविषयी मत देऊ नये.

२०/ १९५२ नंतर दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारण्याची रीत रुळली. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठातील स्मिथ आणि मुरिल यांच्या गटाने त्रुटीची बेरीज किमान करणारी सूत्रे १९६७ मध्ये भारासाठी आणि १९६९ मध्ये सेटपॉइंटसाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पण सूत्रे कितीही सुधारली, तरी नियंत्रकात K आणि Ti यांची एकच जोडी भरता येते. अभियंत्याला कोणत्या तरी एका प्रसंगाची बाजू घ्यावीच लागत होती.

२१/ वाट दाखवली ती सूत्राच्या रचनेतल्या बदलाने. आयझॅक होरोविट्झ यांनी १९६३ सालच्या 'सिंथेसिस ऑफ फीडबॅक सिस्टिम्स' या ग्रंथात अशा रचनांचा विचार 'स्वातंत्र्याच्या मात्रा' या कल्पनेने केला. सेटपॉइंट आणि मोजमाप यांची केवळ वजाबाकी नियंत्रकाला दिली, तर मात्रा एकच. दोन्ही स्वतंत्रपणे दिली, तर दोन. पीआयडीच्या बाबतीत हा विचार पुढे जपानमध्ये क्योतो विद्यापीठातील मित्सुहिको अराकी यांनी, तर स्वीडनमधील लुंड येथे कार्ल योहान ओस्ट्रम आणि टोरे हेगलुंड यांनी विस्ताराने मांडला.

२२/ बदल दिसायला अगदी लहान आहे. सेटपॉइंट r आणि मोजमाप y धरले, तर प्रमाण-क्रियेत r ला b या वजनाने गुणायचे, इतकेच.

```
u = K·(b·r − y) + (K/Ti)·∫(r − y) dt
```

b = १ असेल, तर जुनेच सूत्र. भार बदलतो तेव्हा r स्थिर असतो. म्हणून b काहीही ठेवला तरी भाराचा प्रतिसाद तसूभरही बदलत नाही. बदलतो तो केवळ सेटपॉइंटचा.

२३/ वहीच्या हिशेबात याचा अर्थ काय? b एकाहून कमी असल्याने शेवटी प्रमाण-पद शून्य होत नाही. ते ऋण उरते, आणि ती तूटही वहीलाच भरून काढावी लागते. त्यामुळे भरायची रक्कम Ti × (१ − b) × सेटपॉइंटचा बदल, इतकी वाढते. आपले भाराचे आकडे, K = ६ आणि Ti = ४०, तसेच ठेवून b = ०.५ घेतला, तर ६७ मध्ये ४० × ०.५ × १० = २०० मिळवायचे : एकूण २६७. डेड टाइममधील १०० आता सहज सामावतात. कागदावरचा हिशेब सांगतो की तापमान सुमारे ५० सेकंदांत ८० ला पोहोचते आणि वर उसळत नाही. सेटपॉइंटसाठी खास बनवलेल्या ट्यूनिंगपेक्षाही हे लवकर, आणि भारासमोर दीड अंशाचीच घसरण.

२४/ याला मर्यादाही आहेत. एका नियंत्रकाचा हुकूम दुसऱ्याचा सेटपॉइंट होतो अशा कॅस्केड रचनेत आतल्या लूपचा सेटपॉइंट सतत हलत असतो. तेथे b कमी केला, तर आतला लूप बाहेरच्याच्या हुकमांना मंदपणे उत्तर देतो; म्हणून तेथे सहसा b = १ ठेवतात. आणि भारासाठीची ट्यूनिंग मुळातच डळमळीत असेल, तर b तिला स्थिर करू शकत नाही. लूपची स्थिरता K आणि Ti वरच ठरते. B त्या वर्तुळाच्या बाहेर आहे.

२५/ हे भांडण प्रत्येक लूपमध्ये असते असेही नाही. नॉर्वेतील सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये दिलेल्या नियमानुसार, नेहमीच्या निवडीत, रिसेट टाइम हा T आणि ८L यांपैकी जो लहान असेल तो घ्यायचा. म्हणजे कालांक डेड टाइमच्या आठपटीहून कमी असेल, तर Ti = T हेच उत्तर दोन्ही प्रसंगांना पुरेसे चांगले. त्यापलीकडे मात्र भाराची शेपटी आखूड ठेवण्यासाठी रिसेट टाइम कालांकाहून लहान घ्यावा लागतो. आपल्या एक्स्चेंजरला हा नियम K = ५, Ti = ८० देतो; बेरीज १६०. ती १०० च्या वर आहे आणि ३४३ च्या पुष्कळ खाली. एकच जोडी निवडायची सक्ती असेल, तर ही तडजोड समंजस म्हणावी लागेल.

२६/ तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर : १९४२ ची सूत्रे चुकीची नव्हती. ती भाराच्या प्रश्नाचे उत्तर होती आणि आपण त्यांना सेटपॉइंटच्या प्रश्नावर तपासत राहिलो. पुढच्या वेळी एखादा लूप उसळताना दिसला, तर गेनच्या खुंटीला हात लावण्यापूर्वी दोन रकमा कागदावर मांडाव्यात : सेटपॉइंटचा बदल गुणिले डेड टाइम ही एक, आणि व्हॉल्व्हचा अखेरचा बदल गुणिले Ti/K ही दुसरी. पहिली मोठी निघाली, तर उसळी अटळ होती. अशा वेळी भारासमोर लूप नीट वागत असेल, तर K आणि Ti यांना धक्का लावू नये; बदलायचा तो b.